दहा घरं, एक वक्र आणि गिनीचा आकडा

«पेपरात वाचलं की भारताचा गिनी २८.८ वरून २५.५ वर आला, म्हणजे विषमता कमी झाली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका लेखात तो ६२ दिलेला होता. एकाच देशाचे असे दोन आकडे कसे? मी बी.ए.च्या मुलांना लॉरेंझ वक्र काढायला शिकवतो, गुणांकही काढून घेतो. पण आकडा खाली आला म्हणजे नेमकं कोणाचं काय झालं, असं मुलांनी विचारलं की मी अडतो.»

सर, मुलांनी अगदी मर्मावर बोट ठेवलंय. दोन आकड्यांचं कोडं तसं सोपं आहे: २५.५ हा कुटुंबांच्या खर्चाचा गुणांक आहे आणि ६२ हा उत्पन्नाचा. मुलांचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण गुणांक खाली येण्याच्या वाटा अनेक असतात आणि त्यातल्या काही वाटांवर गरिबाच्या हातात एक पैसाही जास्त आलेला नसतो. आकडा एकटा घेतला तर यातली कोणती वाट होती ते सांगता येत नाही. वक्र सोबत ठेवला तर बरंचसं सांगता येतं. उरलेलं समजण्यासाठी सर्वेक्षण कसं झालं ते पाहावं लागतं.

मी वीसेक वर्षं घरोघरच्या सर्वेक्षणांची आकडेवारी साफ करून तिच्यातून असे गुणांक काढतोय. सुरुवात मराठवाड्यात घरोघरी फॉर्म भरण्यापासून झाली, त्यामुळे कागदावरच्या आकड्यामागे कोणतं दार उघडलं आणि कोणतं उघडलं नाही हे मला अजूनही दिसतं. आधी छोट्या उदाहरणावर सगळं करून दाखवतो, मग पेपरातल्या आकड्यांकडे येतो.

एक काल्पनिक वाडी घ्या. दहा घरं, सगळ्यांत सारखीच माणसं. महिन्याचं उत्पन्न हजारांत, कमी ते जास्त असं लावलं तर: ६, ८, ९, ११, १३, १५, १८, २४, ३६, ६०. एकूण दोनशे हजार, म्हणजे दोन लाख. आता खालून बेरीज करत जा. पहिल्या घराकडे ६, पहिल्या दोघांकडे १४, तिघांकडे २३, मग ३४, ४७, ६२, ८०, १०४, १४० आणि शेवटी २००. प्रत्येक आकड्याला दोनशेने भागलं की टक्केवारी येते: ३, ७, ११.५, १७, २३.५, ३१, ४०, ५२, ७०, १००. आडव्या अक्षावर घरांची टक्केवारी, उभ्यावर ही उत्पन्नाची संचयी टक्केवारी, झाला लॉरेंझ वक्र. मॅक्स लॉरेंझ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये तो मांडला. वाचायचा कसा? आडव्या अक्षावर ५० वर उभं राहून वर बघायचं: खालच्या निम्म्या घरांकडे मिळून २३.५ टक्के उत्पन्न आहे. सगळ्यांना सारखं मिळालं असतं तर तिथे ५० आले असते.

कर्णरेषा आणि वक्र यांच्यामधला भाग हा कर्णाखालच्या पूर्ण त्रिकोणाचा कितवा हिस्सा आहे, तो गिनी गुणांक. कोराडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाचं हे माप १९१२ च्या सुमाराचं. एक्सेलमध्ये उत्पन्नं चढत्या क्रमाने लावून C2 ते C11 मध्ये संचयी बेरीज ठेवलीत तर दहा घरांसाठी एवढं पुरतं:

```
=1-2*(SUM(C2:C10)/C11+0.5)/10
```

आपल्या वाडीचा गुणांक येतो ०.३९. जागतिक बँक तोच शंभराच्या पट्टीवर लिहिते, म्हणून तिच्या कागदात असा आकडा ३९ दिसेल आणि पेपरातला २५.५ म्हणजे ०.२५५.

वर्गात एक चूक हमखास होते, ती इथेच सांगतो. पाठ्यपुस्तकात बहुधा पाचच गट दिलेले असतात, खालचे २० टक्के, पुढचे २० टक्के असे. याच वाडीचे पाच गट करून गुणांक काढलात तर ०.३७ येतो. दोन-दोन घरांची मोट बांधली की प्रत्येक गटाच्या आतली विषमता गायब होते. म्हणून एका वर्षाचा गुणांक पाच गटांवरून आणि दुसऱ्या वर्षाचा दहा गटांवरून काढून तुलना करू नका. फरक विषमतेत पडलेला नसतो, गट पाडण्यात पडलेला असतो.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. पेपरातली घसरण ३.३ अंकांची आहे. आपल्या वाडीतही तेवढीच घसरण घडवून आणू, ०.३९ चं साधारण ०.३५ ते ०.३६ करू, आणि ते तीन वेगवेगळ्या प्रकारे.

पहिला प्रकार: दहाव्या घराकडून महिन्याला ४,२०० रुपये जातात आणि खालच्या तीन घरांना प्रत्येकी १,४०० मिळतात. उत्पन्नं होतात ७.४, ९.४, १०.४ आणि वर ५५.८, मधले सहा जागच्या जागी. गुणांक ०.३५६. मजुरी वाढली, ती मालकाच्या नफ्यातून गेली, असं काहीतरी समजा.

दुसरा प्रकार: कोणाकडून काहीच घेतलं नाही, प्रत्येक घराला दरमहा दोन हजार वरून मिळाले. एकूण उत्पन्न दोनशे वीस हजार झालं. गुणांक ०.३५५. सरकारची एखादी सरसकट रक्कम किंवा धान्याची मदत साधारण असं काम करते. सगळ्यांना सारखी रक्कम मिळाली की सहा हजारांच्या घरात ती तेहतीस टक्के भर घालते आणि साठ हजारांच्या घरात जेमतेम तीन टक्के.

तिसरा प्रकार: वाडीत काहीही बदललं नाही. फक्त दहाव्या घराने फॉर्म भरणाऱ्याला ६० ऐवजी ४८ सांगितले. गुणांक ०.३५७.

तिन्ही वेळा बातमी एकच छापली जाईल: विषमता घटली. म्हणून मी कधीही गुणांक एकटा वाचत नाही. जुना आणि नवा वक्र एकाच कागदावर काढतो आणि त्याची वेगवेगळी ठिकाणं तपासतो.

तिसरा प्रकार ओळखायची एक खूण आहे, ती मुलांना जरूर दाखवा. वरचा आकडा खोटा कमी झाला की एकूण बेरीज घटते आणि खालच्या नऊही घरांचे हिस्से एकाच प्रमाणात फुगतात. पहिल्या घराचा हिस्सा ३ वरून ३.२ झाला, खालच्या निम्म्यांचा २३.५ वरून २५. दोन्हींत वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर, अगदी सारखी. याउलट पहिल्या दोन प्रकारांत वाढ टोकाला जास्त आहे: सर्वांत खालच्या घराचा हिस्सा ३ वरून ३.६ किंवा ३.७ झाला, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर, आणि खालच्या निम्म्यांचा साधारण दहा टक्क्यांनी. तेव्हा वक्र सगळीकडे सारख्या पटीत उचललेला दिसला तर सांगावं की खालच्यांचं आपसातलं नातं बदललेलं नाही, जे झालं ते वरच्या टोकाला झालं. तिथे खरोखर उत्पन्न घटलं की फक्त नोंद घटली, हे वक्र सांगू शकत नाही. त्यासाठी सर्वेक्षणातली एकूण बेरीज राष्ट्रीय लेख्यांमधल्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्न-खर्चाच्या सरकारी हिशेबातल्या, आकड्याशी ताडून बघावी लागते. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात ही दरी रुंदावली असेल तर मी तिसऱ्या प्रकारावर संशय घेतो.

पहिला आणि दुसरा प्रकार मात्र वक्रावरून वेगळे काढता येत नाहीत, कारण वक्राला फक्त हिस्से कळतात, एकूण उत्पन्न वाढलं की नाही ते त्याला दिसत नाही. वाडीतल्या प्रत्येकाचं उत्पन्न दुप्पट झालं तर वक्र केसभरही हलणार नाही. पण पहिल्या आणि दहाव्या घरातली दरी ५४ हजारांची होती, ती एक लाख आठ हजारांची होईल. याला विषमता वाढली म्हणायचं की नाही, हा आकडेमोडीचा प्रश्न राहत नाही. गिनीच्या व्याख्येत ‘नाही’ हे उत्तर आधीच धरलेलं आहे, एवढं लक्षात असू द्यावं. म्हणून वक्राशेजारी सरासरी उत्पन्न, महागाई वजा करून, लिहिल्याशिवाय बदलाचा अर्थ लावू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. दोन वक्र एकमेकांना छेदतात तेव्हा काय?

वाडीचं पुढचं वर्ष बघा: ४, ७, ९, ११, १६, १७, १९, २४, ३६, ५७. बेरीज पुन्हा दोनशेच. पहिल्या घराचं उत्पन्न सहा हजारांवरून चार झालं, म्हणजे एक तृतीयांश गेलं. दुसऱ्याचेही हजार गेले. दहाव्याचे तीन हजार गेले. मिळाले कोणाला? मधल्या तिघांना. संचयी टक्केवारी आता २, ५.५, १०, १५.५, २३.५, ३२, ४१.५, ५३.५, ७१.५, १००. गुणांक काढा: पुन्हा ०.३९, दशांशातही फरक नाही.

आकडा म्हणतो काहीच घडलं नाही. पण सर्वांत गरीब घरात दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिलाय. दोन्ही वक्र एकाच कागदावर काढलेत तर खालच्या निम्म्या भागात नवा वक्र जुन्याच्या खाली दिसेल, बरोबर मध्यावर, २३.५ वर, दोघे भेटतील आणि पुढे नवा वक्र वर जाईल. डावीकडे विषमता वाढली, उजवीकडे घटली आणि गुणांकाने दोन्ही क्षेत्रफळांची वजाबाकी करून शून्य हाती दिलं.

वक्र छेदत नसतील आणि एक दुसऱ्याच्या पूर्ण वर असेल, तर वरचा कमी विषम आहे असं बिनधास्त सांगता येतं. उत्पन्न श्रीमंताकडून गरिबाकडे सरकलं तर विषमता घटते, एवढं ज्याला मान्य आहे त्या प्रत्येकाला हा निकाल मान्य करावाच लागतो. वक्र छेदले की मात्र निकाल मापावर अवलंबून राहतो, कारण खालच्याचं नुकसान किती वजनाचं धरायचं हे प्रत्येक माप आपापलं ठरवतं. अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी १९७० मध्ये हे नीट मांडलं आणि खालच्या टोकाला किती वजन द्यायचं ते उघडपणे निवडता येईल असं मापही दिलं.

गिनीचं स्वतःचं वजन कसं चालतं हे कळलं की मुलांना पुष्कळ उलगडेल. आपल्या वाडीत एक हजार रुपये वरच्या घरातून खालच्या घरात सरकवले की गुणांक किती घटतो, ते दोघांमध्ये किती पायऱ्या आहेत यावर ठरतं, दोघांच्या उत्पन्नात किती फरक आहे यावर नाही. दहाव्याकडून नवव्याला हजार गेले तर एक पायरी. दुसऱ्याकडून पहिल्याला गेले तरी एकच पायरी. दोन्हीकडे परिणाम तेवढाच, ०.००१. पण नवव्या घराला त्या हजाराचं फारसं काही नाही आणि पहिल्या घराला तो महिन्याचा किराणा आहे. खऱ्या लोकसंख्येत मधल्या उत्पन्नांत माणसांची दाटी असते, म्हणजे थोड्या रुपयांच्या अंतरात पुष्कळ पायऱ्या. त्यामुळे गिनी मधल्या हालचालींना जास्त हलतो आणि दोन्ही टोकांच्या बाबतीत त्यामानाने बोथट राहतो. विषमतेची आपली काळजी मात्र नेमकी टोकांची असते.

म्हणून मी गिनीसोबत आणखी एक साधा आकडा नेहमी देतो: वरच्या दहा टक्क्यांचा हिस्सा भागिले खालच्या चाळीस टक्क्यांचा हिस्सा. पहिल्या वर्षी ३० भागिले १७, म्हणजे १.७६. दुसऱ्या वर्षी २८.५ भागिले १५.५, म्हणजे १.८४. गिनी जागचा हलला नव्हता, या आकड्याने खालची पडझड पकडली. याला पाल्मा गुणोत्तर म्हणतात. तोही परिपूर्ण नाही, मधल्या पन्नास टक्क्यांकडे तो बघतच नाही. पण दोघांनी वेगवेगळं सांगितलं की समजावं, वक्र छेदले असण्याची दाट शक्यता आहे, आता कागद काढा.

आता २५.५ आणि ६२.

त्याच वाडीत उत्पन्नाऐवजी खर्च विचारू. सर्वांत गरीब घर सहा हजार कमावतं पण सात खर्च करतं, हजाराची उधारी दुकानात चढते. दहावं घर साठ कमावतं, तीस खर्च करतं, उरलेले बँकेत, जमिनीत, सोन्यात. खर्चाची रांग अशी समजा: ७, ८, ९, १०, १२, १३, १५, १८, २३, ३०. गुणांक ०.२६. तीच दहा घरं, तोच महिना, उत्पन्नाने ०.३९, खर्चाने ०.२६. जगभर खर्चाचा गुणांक उत्पन्नाच्या गुणांकापेक्षा बहुधा कमीच येतो, कारण श्रीमंत बचत करतो आणि गरीब कर्ज काढून खर्च टिकवतो. त्या घराची उधारी खर्चाच्या गुणांकात समानता वाढल्यासारखी दिसते, हे मला नेहमीच खटकत आलंय.

मग आपण खर्चच का मोजतो? यामागे एक प्रामाणिक कारण आहे. लातूरकडच्या एका गावात मी जुलैमध्ये एका सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला विचारलं होतं, गेल्या महिन्यात उत्पन्न किती? तो म्हणाला, «लिहा उणे अठरा हजार. बियाणं आणि खत.» तो थट्टा करत नव्हता, त्याचा हिशेब बरोबर होता. त्याच माणसाला नोव्हेंबरमध्ये गाठलं असतं तर माल विकून हातात लाखभर असते. महिन्याचं उत्पन्न विचारलं तर असा शेतकरी एकदा सर्वांत खालच्या घरात बसतो आणि एकदा वरच्या घरात, आणि गाव आहे त्यापेक्षा कितीतरी विषम दिसतं. ऋण उत्पन्नं शिरली की लॉरेंझ वक्र सुरुवातीला शून्याच्याही खाली जातो, वर्गात काढतो तसा राहतच नाही. उलट त्याच्या घरातलं पीठ, तेल, मुलांची फी वर्षभर साधारण सारखी चालते. स्वतःच्या शेतावर, छोट्या दुकानावर, हंगामी मजुरीवर जगणाऱ्या देशात खर्च विचारणं म्हणूनच जास्त भरवशाचं. भारतातलं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण खर्चाचं आहे ते यामुळे, आणि जागतिक बँकेचा २५.५ त्यातूनच आलाय. त्या आकड्याची बलस्थानं आणि मर्यादा दोन्ही तिथल्याच.

६२ हा आकडा जागतिक विषमता डेटाबेसचा, २०२३ सालचा, करपूर्व उत्पन्नाचा. जागतिक बँकेच्या ज्या टिपणात २५.५ आहे, त्यातही तो दिलेला होता: २००४ मध्ये ५२, २०२३ मध्ये ६२. त्यात वरच्या टोकासाठी आयकराची आकडेवारी वापरतात आणि सगळी बेरीज राष्ट्रीय उत्पन्नाशी जुळवून घेतात. त्यामुळे सर्वेक्षणात न सापडणारे श्रीमंत त्यात सापडतात. पण भारतात दरवर्षी होणारं उत्पन्नाचं सर्वेक्षण नसल्याने खालच्या मोठ्या भागाचं उत्पन्न खर्चाच्या सर्वेक्षणावरून, बचतीबद्दल गृहीतकं धरून बसवावं लागतं. एका आकड्याचं वरचं टोक कच्चं, दुसऱ्याचं खालचं. दोन्ही जपून वापरावेत, आणि एकाची दुसऱ्याशी तुलना तर करूच नये.

याच कारणासाठी, २५.५ हा आकडा देशांच्या यादीत बसवून काढलेलं ‘भारत जगात चौथा समान देश’ हे वाक्य मला मान्य नाही. त्या यादीत युरोप आणि लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांचे आकडे उत्पन्नाचे आहेत आणि आपला खर्चाचा. आपल्या वाडीतल्या ०.२६ ची शेजारच्या वाडीतल्या ०.३९ शी तुलना करून आपण जास्त समान आहोत म्हणण्यासारखं आहे ते. कदाचित शेजारची वाडी हीच असेल.

राहिलं बंद दाराचं. शहरातल्या मोठ्या सोसायटीत गेलो की रखवालदार वहीत नाव लिहून घ्यायचा, वर फोन लावायचा आणि सांगायचा, साहेब मीटिंगला आहेत, नंतर या. तीन वेळा जाऊनही दार उघडलं नाही अशी घरं माझ्या यादीत पुष्कळ होती, आणि ती कधीच चाळीतली नसायची. वाडीत दहावं घर पूर्ण बंद निघालं, नऊच घरांचा हिशेब केला, तर गुणांक ०.३९ वरून ०.३० वर येतो. एक दार, नऊ अंक. म्हणून कोणत्याही गुणांकासोबत मी विचारतो: श्रीमंत घरं निवडायची पद्धत काय होती, किती घरांनी नकार दिला, त्यांच्या जागी कोणती घेतली.

आता तुमची घसरण, २८.८ ते २५.५. ही २०११-१२ आणि २०२२-२३ च्या सर्वेक्षणांमधली आहे, दोन्ही खर्चाची, म्हणजे निदान फूटपट्टी एक. पण मोजायची रीत पूर्ण सारखी नव्हती. २०११-१२ मध्ये सगळे प्रश्न एका भेटीत विचारले जायचे. २०२२-२३ मध्ये वस्तूंचे गट पाडून एकाच घराला तीन भेटी दिल्या. तासन्‌तास चालणारा फॉर्म असला की माणूस कंटाळतो आणि शेवटच्या पानांवर «नाही, काही नाही» म्हणत सुटतो, हे मी दाराशी बसून अनुभवलंय. तीन भेटींत नोंद सुधारली तर चांगलंच, पण ती गरीब घरात जास्त सुधारली की श्रीमंत घरात, यावर गुणांक कोणत्या दिशेला हलेल ते ठरतं. शिवाय मोफत मिळालेल्या धान्याची आणि वस्तूंची किंमत धरून आणि न धरता असे दोन वेगळे हिशेब २०२२-२३ साठी प्रसिद्ध झाले. ती किंमत धरली की वाडीतल्या दुसऱ्या प्रकारासारखं काम होतं, खालच्या घरांत भर जास्त जाणवते.

माझं मत विचाराल तर खर्चातली विषमता या काळात थोडी घटली असावी असं मला वाटतं, कारण खालच्या घरांपर्यंत धान्य आणि थेट रक्कम पोहोचली आहे हे मी फिरताना पाहिलंय. ती ३.३ अंकांनीच घटली असं मात्र मी लिहून देणार नाही. आणि उत्पन्नातली विषमता त्याच काळात वाढली असेल तरी या दोन विधानांत विरोध नाही: खालच्या घरांचा खर्च मदतीने आणि उधारीने सावरतो आणि वरच्या घरांची वाढ खर्चात न दिसता बचतीत आणि मालमत्तेत जाते, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

मुलं अडवतील तेव्हा त्यांना या क्रमाने उत्तर द्या. आधी विचारा, मोजलं काय: उत्पन्न की खर्च, घराचा की माणशी, महिन्याचा की वर्षाचा. मग जुना आणि नवा वक्र एकावर एक काढा आणि छेदतात का बघा. छेदत नसतील तर उचल टोकाला आहे की सगळीकडे सारख्या पटीत, ते खालच्या दहा आणि खालच्या पन्नास टक्क्यांवर तपासा. छेदत असतील तर गुणांकाचा बदल बाजूला ठेवून खालच्यांचं काय झालं आणि वरच्यांचं काय झालं, हे स्वतंत्र सांगा. सरासरी शेजारी लिहा.

‘घराचा की माणशी’ हे घाईत लिहून गेलो, पण त्यावर एक तास जरूर घालवा. पंधरा हजारांत दोघं राहतात की आठ जण, यावर ते घर वाडीत कितव्या पायरीवर बसेल ते ठरतं. वाडीच्या यादीत सहाव्या घराला आठ माणसं आणि पहिल्याला दोनच द्या, बाकी घरांना चार-चार. माणशी हिशेब केला तर पहिलं घर माणशी तीन हजारांवर जातं आणि सहावं १,८७५ वर घसरून सर्वांत खाली बसतं. मुलांना नवी रांग लावायला सांगा, माणसांच्या टक्केवारीवर वक्र पुन्हा काढायला सांगा, आणि सहाव्या घराला ‘मधलं’ म्हणायचं का, हे त्यांनाच ठरवू द्या.